ब्रोशरची संहिता बोलती करताना

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत शेतीपंपांचे मोबाईल स्टार्टर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मूळ स्टार्टरला जोडायची एक पेटी, तिच्यात एक सिम कार्ड, आणि त्या क्रमांकावर फोन केला की रानातली मोटर चालू किंवा बंद होते, असे हे साधन. त्याची ओळख करून देणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ करण्याचे ठरले, तेव्हा संहितेचे काम माझ्याकडे आले, आणि सोबत मालकांनी माहितीपत्रकासाठी स्वतः लिहून घेतलेला मजकूरही आला. "अहो, सगळं तयारच आहे, तेवढं जरा हात फिरवून द्या की," असे त्यांचे म्हणणे होते. मजकूर खरोखरच नीटनेटका होता. माहिती अचूक होती, शुद्धलेखन बरोबर होते, आणि छापील पत्रक म्हणून पाहिले तर त्यात बदल सुचवावा असे फारसे काही नव्हते. तो मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हाच त्याची अडचण कळली.

त्याचे पहिलेच वाक्य असे होते: "अत्याधुनिक मायक्रोकंट्रोलर तंत्रज्ञानावर आधारित हा जीएसएम मोबाईल ऑटो स्टार्टर 3 ते 15 एचपी क्षमतेच्या सर्व प्रकारच्या थ्री फेज सबमर्सिबल व मोनोब्लॉक पंपांसाठी उपयुक्त असून तो सिंगल फेजिंग, ड्राय रन, ओव्हरलोड, फेज रिव्हर्सल तसेच कमी व उच्च व्होल्टेज यांपासून मोटरचे संपूर्ण संरक्षण करतो."

हे वाक्य एका श्वासात संपत नाही, ही तक्रार वरवरची झाली. श्वास कुठेतरी चोरून घेता येतो. खरी अडचण मराठी वाक्याच्या घडणीतच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. छापील वाक्य वाचणारा डोळा गरज पडली तर शेवटच्या शब्दाकडे धावतो, 'करतो' वाचून मागे येतो आणि मग मधली यादी निवांत पाहतो. कानाला ही सोय नाही. सिंगल फेजिंग, ड्राय रन, ओव्हरलोड अशी नावे एकामागून एक येत राहतात आणि या सगळ्यांचे पुढे काय होणार आहे, हे ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत कळत नाही. ही यंत्राला असलेली वैशिष्ट्ये आहेत की मोटरला होणारे त्रास आहेत, हेसुद्धा 'यांपासून' हा शब्द आल्यावर उलगडते. तोपर्यंत पहिली दोन नावे विसरलेली असतात. म्हणून मी संपूर्ण मजकूर वाचताना पेन्सिलीने एकच खूण करत गेलो: कर्ता आल्यानंतर क्रियापद येईपर्यंत जिथे मला स्वतःला धरून बसावे लागले, ते वाक्य अधोरेखित करायचे. शेवटी अधोरेखित न झालेली वाक्ये थोडीच उरली, आणि त्यांपैकी एक संपर्क क्रमांकाचे होते.

मग वेळ. मजकूर साधारण 340 शब्दांचा होता. इंग्रजी निवेदनासाठी मिनिटाला 130 ते 150 शब्द हा हिशेब सर्रास सांगितला जातो आणि आपल्याकडेही तो तसाच उचलला जातो. पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'पंपांसाठी' हा आपला एक शब्द असतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात मराठी शब्द कमी बसतात. शांतपणे, समजेल अशा बेताने वाचले तर मिनिटाला सुमारे 110 शब्द हे प्रमाण मी धरतो, आणि तांत्रिक मजकूर असेल तर त्याहून थोडे कमी. त्या हिशेबाने हा मजकूर तीन मिनिटांच्या वर जात होता. मालकांचे उत्तर सोपे होते: जरा भरभर वाचून घ्यायचे. ते म्हणाले तसे भरभर वाचून, फोनवर ध्वनिमुद्रण करून मी त्यांनाच ऐकवले. रेडिओवरच्या जाहिरातीच्या शेवटी अटी-शर्ती ज्या वेगाने म्हणतात, तसा तो आवाज लागत होता. तो ऐकल्यावर वेग वाढवण्याचा मुद्दा परत निघाला नाही. दोन मिनिटांत सुमारे 220 शब्द मावतात. त्यातून मोटर सुरू होण्याचा आवाज, दृश्य बदलताना घ्यायचा विराम आणि शेवटचा क्रमांक यांना जागा ठेवली, तर बोलायला 180 ते 190 शब्दच मिळणार होते. म्हणजे जवळजवळ निम्मा मजकूर जाणार होता. एवढी काटछाट शब्द वगळून होत नाही. मांडणीच नव्याने करावी लागते.

नवी मांडणी कुठून आणायची, याचे उत्तर कारखान्याच्या पुढच्या खोलीतच मिळाले. तिथे विक्रीचा छोटा काउंटर आहे. पेटी पाहायला आलेल्या एका शेतकऱ्याला मालक स्वतः माहिती देत होते. त्या दोघांची परवानगी घेऊन मी फोन टेबलावर ठेवला आणि सगळे बोलणे मुद्रित करून घेतले. माहितीपत्रकात 'अत्याधुनिक' आणि 'सुसज्ज' लिहिणारा हा माणूस बोलताना त्यातला एकही शब्द वापरत नव्हता. त्यांनी आधी विचारले, "रान किती लांब आहे तुमचं?" मग, "रात्रीची लाईट असली की काय करता?" त्यानंतर त्यांनी पेटी उघडून सिमची जागा दाखवली, फोन लावून दिवा लागलेला दाखवला, आणि मगच मोटर जळण्याच्या विषयावर आले. 'सिंगल फेजिंग' हा शब्द त्यांनी उच्चारला, पण आधी "एक फेज गेला तर काय होतंय बघा" असे म्हणून गोष्ट सांगितली आणि नाव शेवटी दिले. क्षमता किती एचपीपर्यंत, हे त्यांनी समोरच्याची मोटर किती एचपीची आहे हे विचारल्यावर सांगितले.

पत्रकातला क्रम यंत्राच्या भागांचा होता. बोलण्यातला क्रम रानात घडणाऱ्या गोष्टींचा होता. आधी लाईट येते, मग मोटर चालू होते, चालताना काहीतरी बिघडते, मग ती थांबते. ऐकणाऱ्याला हा क्रम आधीपासून पाठ असतो, त्यामुळे प्रत्येक नव्या वाक्याला टेकायला जागा मिळते. संहितेचा सांगाडा मी तिथूनच घेतला.

मात्र असे मुद्रित बोलणे उतरवून काढले की संहिता तयार होते, असे नाही. उतरवलेल्या बोलण्यात "म्हणजे", "काय होतंय", "ते आपलं हे" यांची रेलचेल असते, एकच गोष्ट तीन वेळा येते, आणि निम्मा अर्थ बोटाने दाखवलेल्या वस्तूत असतो. "ही वायर इथं, मग झालंच" हे समोर बसलेल्याला पुरेसे आहे, पडद्यावरच्या माणसाला नाही. शिवाय समोरचा शेतकरी मधूनमधून मान हलवत होता, प्रश्न विचारत होता. निवेदनात तसे कोणी नसते. म्हणून त्या मुद्रणातून मी तीनच गोष्टी उचलल्या: क्रम, मालकांनी वापरलेली नामे-क्रियापदे, आणि ज्या जागी शेतकऱ्याने प्रश्न विचारला त्या जागा. वाक्ये मात्र नव्याने लिहिली.

त्यातले सिंगल फेजिंगचे वाक्य कसे बदलत गेले, ते सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या वाक्यांचेही थोड्याफार फरकाने तेच झाले. पत्रकात होते: "सिंगल फेजिंगच्या स्थितीत यंत्राद्वारे मोटरचा वीजपुरवठा तात्काळ खंडित करण्यात येतो." मी त्याचे प्रथम असे केले: "एक फेज गेला, तर पेटी मोटर बंद करते." वाक्य लहान झाले, म्हणायला सोपे झाले, अर्थही बरोबर होता. तरीही ते ऐकताना काहीच हाती लागत नव्हते. एक फेज गेला तर मोटर आपणहून बंद पडत नाही का, हा साधा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतो आणि वाक्य त्याला उत्तर देत नाही. छापील मजकुरात अशी शंका आली तर वाचणारा थांबतो. निवेदन मात्र पुढे निघून जाते, आणि शंकेत अडकलेला माणूस पुढची दोन वाक्ये ऐकतच नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की तीनपैकी एक फेज गेला तरी चालू असलेली थ्री फेज मोटर बहुधा फिरत राहते. तेवढाच भार ओढायला उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट जातो, गुंडाळ्या तापतात आणि वेळीच बंद केली नाही तर मोटर जळते. थांबलेली मोटर अशा वेळी सुरू करायला गेले, तर ती घुमत राहते आणि आणखी लवकर तापते. हे सगळे दोन मिनिटांत सांगणे शक्य नव्हते, पण त्यातला एक दुवा सांगितल्याशिवाय पेटीच्या कामाला अर्थ येत नव्हता. शेवटी पुढील वाक्ये ठरली:

"तीनपैकी एक फेज गेला, तरी चालू मोटर थांबत नाही. ती दोन फेजवर ओढत राहते. तापते. आणि जळते. ही पेटी मोटरला तिथवर जाऊच देत नाही. एक फेज गेला, की मोटर बंद. आणि तुमच्या फोनवर मेसेज."

शब्द पत्रकातल्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त झाले. निम्मा मजकूर कमी करायचा असताना एका वाक्याची सात वाक्ये करणे उलटे वाटेल, पण बोलण्याच्या संहितेत काटछाट अशीच होते: दोन-तीन गोष्टींना पुरेशी जागा द्यायची आणि बाकीच्या पूर्ण बाहेर काढायच्या. सगळ्याच गोष्टी थोड्याथोड्या आखडल्या, तर पुन्हा यादीच तयार होते. फेज रिव्हर्सल आणि व्होल्टेजच्या मर्यादा मी निवेदनातून काढल्या. ड्राय रन ठेवला, कारण बोअरचे पाणी तळाला जाणे ही उन्हाळ्यात या भागात प्रत्येकाची काळजी असते. तिथे मात्र पेटीला ते कसे कळते, हे सांगितले नाही. पाणी नसले की मोटरवरचा भार उतरतो, करंट कमी होतो आणि पेटी तो फरक पकडते, हे कारण मालकांना फार प्रिय होते; पण ऐकणाऱ्याला तिथे शंका येत नाही, "पाणी संपलं, की मोटर बंद" हे त्याला लगेच पटते. जिथे शंका येते तिथेच कारण द्यायचे, हा नियम मी या कामापुरता धरून ठेवला.

भाषेच्या पातळीवर एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागला. मिरजेच्या एक ताई आमच्यासाठी निवेदन करतात. सभा-समारंभांच्या सूत्रसंचालनाचा त्यांचा अनुभव मोठा आहे. त्यांचे म्हणणे असे की कागदावर 'झाले', 'केले', 'पाणी संपले' असे लिहिले असेल, तर बोलका सूर लावला तरी तोंडातून पुस्तकच येते. 'झालं', 'केलं', 'संपलं' अशी अनुस्वाराची रूपे लिहिली, तर वेगळे काही सांगावे लागत नाही. म्हणून संहिता मी पूर्णपणे बोलण्याच्या रूपांत लिहिली. 'व' आणि 'तसेच' गेले, 'आणि' राहिला. 'द्वारे', 'अंतर्गत', 'करण्यात येतो' हे गेले. 'ते', 'हे', 'त्याचे' यांवर विशेष लक्ष ठेवावे लागले. पेटी, मोटर, स्टार्टर आणि सिम अशा चार वस्तू एका परिच्छेदात असताना "तो बंद होतो" म्हटले, तर तो कोण, हे वाचणारा वर पाहून ठरवतो. ऐकणाऱ्याला वर पाहता येत नाही. छापील मराठीत एकच नाम लागोपाठ आले तर खटकते. निवेदनात मी 'मोटर' हा शब्द लागोपाठच्या वाक्यांत बेधडक ठेवला आणि तो कोणालाही खटकला नाही.

तिथवर जाऊन मी थांबलो. "काय होतंय बघा", "लागतंय की" ही इथली लकब मालकांच्या तोंडी गोड वाटते, पण निवेदिकेच्या तोंडी तीच मुद्दाम आणल्यासारखी वाटू लागते, आणि पेटी साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत विकायची होती. 'रान', 'लाईट', 'डीपी' हे शब्द ठेवले, कारण त्यांच्या जागी 'शेत', 'वीजपुरवठा' आणि 'रोहित्र' म्हटले असते तर शेतकऱ्याला ते सरकारी पत्र वाटले असते.

आकड्यांबाबत एक छोटी पण उपयोगी सोय आहे. पत्रकात 7.5 एचपी असे छापलेले असते. निवेदनात 'साडेसात' असे अक्षरांत लिहिले नाही, तर ध्वनिमुद्रणाच्या वेळी कोणीतरी 'सात पॉइंट पाच' म्हणून जाते. मी संहितेतला प्रत्येक आकडा तोंडाने जसा म्हणायचा तसाच अक्षरांत लिहिला, आणि पडद्यावर मात्र तो अंकांत ठेवायला सांगितले. कंसांचेही असेच. कंसातला मजकूर मोठ्याने वाचताना कंस कसा ऐकवायचा, याला उत्तर नाही. त्यामुळे कंसातली माहिती एकतर स्वतंत्र वाक्य होते किंवा जाते. बहुतेक वेळा ती जाते.

यानंतर संहिता दोन रकान्यांत मांडली. डावीकडे काय दिसते, उजवीकडे काय ऐकू येते. ही पद्धत सगळेच वापरतात, पण तिचा खरा फायदा उजवा रकाना खोडण्यासाठी होतो. डावीकडे "हात फोनवर क्रमांक दाबतो, पेटीवरचा हिरवा दिवा लागतो, पाईपमधून पाणी येते" असे लिहिल्यावर उजवीकडचे "क्रमांकावर कॉल केल्यावर हिरवा दिवा लागून मोटर सुरू होते" हे वाक्य निरुपयोगी ठरले. तिथे "फोन लावा," एवढेच ठेवले, आणि पुढचे काही सेकंद निवेदन बंद. आधी रिंग ऐकू येते, मग कॉन्टॅक्टर बसल्याचा खट् आवाज, मग पाणी. संकलन करणाऱ्या मित्राला या रिकाम्या जागेची भीती वाटत होती, म्हणून आम्ही माझ्याच आवाजात कच्चे निवेदन मुद्रित करून ते दृश्यांखाली ठेवून पाहिले. ती जागा रिकामी वाटत नव्हती. उलट त्याच्या आधीची दोन वाक्ये अजून लांब असल्याचे तिथेच लक्षात आले, कारण हात फोनवर पोहोचला तरी आवाज पहिल्याच वाक्यात होता. कच्चे निवेदन चित्रीकरणाआधी करावे ते याचसाठी. चित्रीकरण झाल्यावर वाक्य तोडता येते, पण दृश्य ताणता येत नाही.

मालकांची हरकत अपेक्षित होती. फेज रिव्हर्सल नाही, व्होल्टेज नाही, मायक्रोकंट्रोलर नाही. मग दुसऱ्या कंपनीच्या पेटीत आणि आमच्या पेटीत फरक काय राहिला? हरकत चुकीची नव्हती. तुलना करणारा ग्राहक, विशेषतः विक्रेता, हीच यादी शोधतो. तोडगा असा निघाला की ड्राय रनच्या वाक्यानंतर पडद्यावर सहाही संरक्षणांची नावे दिसावीत आणि आवाजाने ती न वाचता "आणखीही काही गोष्टींवर ही पेटी नजर ठेवते" एवढेच म्हणावे. यादी डोळ्यांना देणे योग्य, कारण डोळा ती हवी तशी चाळू शकतो. फक्त पडद्यावर एक आणि कानावर दुसरे असे होऊ द्यायचे नाही. त्या तीन-चार सेकंदांत आवाजात नवी माहिती ठेवली नाही.

'संपूर्ण संरक्षण' या शब्दांवर थोडी घासाघीस झाली. छापील पानावर 'संपूर्ण' हे विशेषण कोणी मनावर घेत नाही, डोळा त्यावरून घसरून जातो. तेच आवाजात म्हटले की ते वचन होते. काउंटरवरच्या मुद्रणात शेतकऱ्याने नेमके विचारले होते, "वीज पडली तर?" आणि मालकांनी प्रामाणिकपणे सांगितले होते की त्याला कुठलीच पेटी पुरी पडत नाही. ते मुद्रण त्यांना पुन्हा ऐकवले आणि 'संपूर्ण' गेले.

संहिता आकाराला आल्यावर तिची परीक्षा चित्राशिवाय घेतली. पलूसकडचे एक ऊस-बागायतदार कामानिमित्त आले होते. त्यांना कच्चे निवेदन फक्त ऐकवले आणि पेटी काय करते ते त्यांच्या शब्दांत सांगायला सांगितले. 'समजलं का' असे विचारायचे नाही, कारण त्याला उत्तर 'हो'च येते. त्यांनी फोनची गोष्ट सांगितली, फेज जाण्याची सांगितली, मेसेजची सांगितली. लाईट आल्यावर पेटी लगेच मोटर चालू न करता थोडा वेळ का थांबते, हेही त्यांनी बरोबर सांगितले. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज पडते, हे त्यांनी स्वतः भोगलेले होते. आणि मग म्हणाले, "पण आमचा स्टार्टर चांगला आहे की. तो काढून हे कशाला बसवायचं?"

पेटी जुना स्टार्टर काढून बसवायची नसतेच. ती त्याच्या शेजारी बसते आणि त्यालाच चालू-बंद करते. पत्रकात हे होते, तिसऱ्या पानावर: "विद्यमान स्टार्टरशी सुसंगत". नाव 'मोबाईल स्टार्टर' असल्यामुळे ऐकणाऱ्याने हा नवा स्टार्टरच आहे असे धरून चालणे स्वाभाविक होते, आणि संहितेत त्याला कुठेही अडवले नव्हते. हे वाक्य आता अगदी वर, फोन लावण्याच्या दृश्याच्या आधी आले. सुरुवात शेवटी अशी झाली:

"रात्रीचे अडीच वाजलेत. लाईट आली. आता मोटर चालू करायला रानात कोण जाणार? तुम्ही घरातच थांबा. ही छोटी पेटी तुमच्या जुन्या स्टार्टरच्या शेजारी बसते. स्टार्टर बदलायचा नाही. पेटीत एक सिम आहे. त्या नंबरला फोन लावा."

पत्रकात पहिल्या वाक्यात असलेले यंत्राचे नाव इथे नाही. ते पडद्यावर पेटीवरच दिसते, आणि आवाजात प्रथम येते ते अर्धा व्हिडिओ संपल्यावर. मालकांना हे सर्वांत कठीण गेले. त्यांना मी एवढेच विचारले की काउंटरवर आलेल्या माणसाला ते कंपनीचे नाव कितव्या मिनिटाला सांगतात.

एक मर्यादाही संहितेत घातली: "जिथं मोटर आहे, तिथं मोबाईलला रेंज हवी." विहीर ओढ्याकाठी खोलगट जागी असेल, तर हीच पहिली अडचण येते, आणि ती न सांगता पेटी विकली तर दुसऱ्या दिवशी तक्रारीचा फोन येतो, हे मालकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. छापील पत्रकात ही ओळ तळाला बारीक अक्षरांत होती. आवाजात बारीक अक्षर नसते. सांगायचे तर सरळ सांगावे लागते. त्याला जोडून, रेंज नसेल तर लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू होण्याची सोय वापरता येते, हे वाक्य ठेवले, कारण त्या कामाला नेटवर्क लागत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कागदावर बरोबर दिसणाऱ्या काही जागा तोंडात अडखळल्या. 'एक फेज गेला' हे अगदी निरुपद्रवी वाक्य, पण माईक तोंडासमोर सरळ असल्यामुळे 'फ'वर हवेचा फटका बसून धप्प असा आवाज येत होता. माईक थोडा तिरका ठेवून ते बरेचसे मिटले. 'दोन फेजवर ओढत राहते' यानंतर ताईंनी माझ्या खुणेपेक्षा जास्त वेळ घेतला आणि 'तापते' हा शब्द खालच्या पट्टीत घेतला. तो विराम मी लगेच संहितेत नोंदवला. विरामांसाठी मी एक तिरपी रेघ छोट्या थांब्याला आणि दोन रेघा श्वासाला वापरतो. स्वल्पविरामावर विसंबता येत नाही, कारण तो व्याकरणाच्या सोयीने पडतो आणि निवेदक तिथे थांबेलच असे नाही. कागदावर एका ओळीत एकच दम मावेल अशा ओळी तोडल्या होत्या, आणि पान उलटताना वाक्य अर्धे राहू नये म्हणून प्रत्येक पान पूर्णविरामावर संपवले होते.

जत तालुक्याच्या सीमाभागासाठी त्यांना हाच व्हिडिओ कन्नडमध्येही हवा आहे. तिथे मराठी संहिता भाषांतराला देण्याऐवजी मी दृश्यांचा रकाना, प्रत्येक दृश्याला मिळणारे सेकंद, आणि त्या दृश्यात ऐकणाऱ्याला कळायलाच हवी अशी एकेक गोष्ट, एवढेच लिहून दिले आहे. सोबत मालकांच्या ओळखीच्या एका कन्नड बोलणाऱ्या विक्रेत्याला त्याच्या दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकाला ही पेटी समजावून सांगायला सांगितले असून ते बोलणे मुद्रित होऊन आले की कन्नड लिहिणारा त्यावरून वाक्ये बांधेल. विक्रेत्याला पत्रक मात्र आधी वाचायला देऊ नका, असे मालकांना बजावून ठेवले आहे.